विक्रीआधीचं टीझर कॅरोसेल: हाताने घडवलेल्या दागिन्यांसाठी सहा स्लाइडची आखणी

नवीन दागिने तयार झाले की ते लगेच दाखवावेत असं प्रत्येक कारागिराला वाटतं. पण विक्री सुरू व्हायला आठवडा असताना सगळे फोटो टाकले, तर लोक पाहतात, लाइक करतात आणि विक्रीच्या दिवसापर्यंत विसरून जातात. टीझर कॅरोसेल या मधल्या दिवसांसाठी असतं. बाजूला सरकवत पाहायची ही पाच-सहा चित्रांची एकच पोस्ट. ती पाहणाऱ्याला नक्की काय येतंय, कधी येतंय आणि किती रुपयांना येतंय हे कळलं पाहिजे, आणि तरीही एक गोष्ट कळायची राहिली पाहिजे. या लेखात इन्स्टाग्रामवरचं असं एक कॅरोसेल पहिल्या विचारापासून पोस्ट टाकल्यानंतरच्या दिवसांपर्यंत कसं बांधायचं ते पाहू.

उदाहरण म्हणून मोत्यांचे पारंपरिक दागिने करणारी, घरूनच विक्री करणारी एक ताई धरू. तिच्या नव्या संग्रहात ३६ नग आहेत: १२ तन्मणी, ८ चिंचपेट्या, १० जोड कुड्या आणि ६ जोड बुगड्या. किमती ४५० रुपयांपासून २,४०० रुपयांपर्यंत. यात खरं नवं आहे ते तन्मणीत. तिने तन्मणीचं खोड, म्हणजे मधलं पदक, सुटं होईल असं केलंय. मागे छोटी पिन आहे, त्यामुळे तेच खोड आंबाड्यातही माळता येतं.

आधी तारीख, आणि तीही पंचांग बघून

कॅरोसेलची सुरुवात कॅनव्हा या डिझाइन अॅपवर होत नाही, कॅलेंडरवर होते. आपल्याकडे पितृपक्षात बरीच घरं नवी खरेदी टाळतात. मग त्या पंधरवड्यात विक्री उघडली आणि प्रतिसाद थंड आला, तर दोष दागिन्यांचा नसतो. पण खरेदी थांबलेली असली तरी मोबाइल पाहणं थांबलेलं नसतं. उलट घटस्थापना, दसरा आणि दिवाळीचे बेत तेव्हाच चाललेले असतात. म्हणून टीझरला हे दिवस फार चांगले. आपल्या ताईने विक्री घटस्थापनेच्या रात्री ९ वाजता उघडायचं ठरवलं आणि टीझर त्याच्या पाच दिवस आधी टाकायचं.

सकाळची वेळ न घेण्याचं कारण सरळ आहे: त्या दिवशी सकाळी घरोघर घट बसवण्याची गडबड असते. रात्री ९ पर्यंत जेवणं आटोपलेली असतात.

या तारखेचा एक तोटा आधीच ओळखून ठेवा. घटस्थापनेला विकलेला दागिना पोहोचायला पाच-सात दिवस लागतात, तोवर नवरात्र संपत आलेलं असतं. म्हणजे हा संग्रह नवरात्रात घालण्यासाठी म्हणून विकता येणार नाही. तो दसऱ्याच्या आणि दिवाळीच्या नावानेच मांडायला हवा. गरबा, नऊ रंग, घट असलं काही टीझरमध्ये आलं, की लोक नवरात्रासाठी मागवतील आणि उशीर झाला म्हणून रागावतील. नवरात्रासाठीच विकायचं असेल तर विक्री गणपतीच्या दिवसांत, पितृपक्ष लागण्याआधी उघडायला हवी.

टीझर पाच दिवसांपेक्षा फार आधी नको, असं माझं मत आहे. पंधरा दिवस उत्सुकता टिकवण्याएवढं साहित्य छोट्या विक्रेत्याकडे नसतं. मग तेच फोटो फिरून फिरून येतात आणि विक्री उघडते तेव्हा संग्रह जुना वाटायला लागतो.

काय झाकायचं, हे एका वाक्यात लिहून काढा

नव्याने टीझर करणारे बहुतेक जण सगळंच झाकतात. अंधुक फोटो, वर ‘लवकरच येत आहे’ आणि एक चमचमती चांदणी. पाहणाऱ्याला हे मोत्यांचं आहे की टेराकोटाचं, गळ्यातलं आहे की कानातलं, काहीच कळत नाही. कळत नाही त्याबद्दल उत्सुकता वाटत नाही. ती वाटते अर्ध्या कळलेल्या गोष्टीबद्दल.

म्हणून एकच गोष्ट झाका आणि बाकीचं मोकळेपणाने सांगा. आपल्या उदाहरणातलं वाक्य असं होईल: ‘खोड आंबाड्यातही लावता येतं, हे विक्रीच्या दिवसापर्यंत दाखवायचं नाही.’ दागिने मोत्यांचे आहेत, तन्मणी आहे, कुड्या आहेत, तारीख काय, किंमत किती, हे सगळं दिसू द्या. याचा दुसरा फायदाही मोठा आहे. आपली नवी कल्पना आठवडाभर आधी उघडी केली, तर तुमची विक्री सुरू होण्याआधीच दुसऱ्या कुणाच्या पानावर तिची नक्कल दिसू शकते. झाकायची ती नेमकी ही कल्पना.

किंमत मात्र कधीही झाकू नका. ‘किमतीसाठी मेसेज करा’ असं लिहिलं की बरेच जण मेसेज करत नाहीत, महाग असणार असं धरून पुढे जातात. ‘४५० ते २,४०० रुपये’ एवढा पट्टा पुरेसा आहे. तेवढ्यावर ज्याला परवडतं तो तारीख लक्षात ठेवतो, आणि ज्याला परवडत नाही त्याची विक्रीच्या रात्री निराशा होत नाही.

मोती कुठले आहेत तेही सांगा. काचमोती असतील तर काचमोती म्हणा, गोड्या पाण्यातले असतील तर तसं म्हणा. पितळेवर सोन्याचं पाणी असेल तर नुसतं ‘सोनेरी’ लिहून संदिग्ध ठेवू नका. टीझरमधली संदिग्धता दागिन्याच्या उपयोगाबद्दल चालते, धातूबद्दल चालत नाही.

सहा स्लाइडमध्ये काय येईल

इन्स्टाग्राम कॅरोसेलमध्ये २० चित्रांपर्यंत परवानगी देतं. टीझरला एवढ्यांची गरज नसते, सहा पुरतात.

पहिल्या स्लाइडवर खोडाचा अगदी जवळून घेतलेला फोटो: लाल खडा, त्याभोवती मोती, कडा चौकटीबाहेर गेलेल्या. वर एकच ओळ: ‘हे खोड फक्त गळ्यातच शोभतं का?’ प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर खरोखर तुमच्या संग्रहात आहे. ‘तुम्ही तयार आहात का?’ या प्रश्नाला उत्तरच नसतं, म्हणून तो कुणाला पुढे सरकवायला लावत नाही.

दुसरी स्लाइड सर्वात जास्त दुर्लक्षित असते आणि तिच्यावर सर्वात जास्त मेहनत घ्यावी असं मी म्हणेन. एखाद्याने पहिली स्लाइड पाहून पोस्ट तशीच सोडली, तर इन्स्टाग्राम तीच पोस्ट पुन्हा दाखवताना कित्येकदा दुसऱ्या स्लाइडपासून दाखवतं. त्यामुळे ती पहिलीचा उरलेला भाग असून चालत नाही, स्वतंत्रपणे समजली पाहिजे. इथे पूर्ण तन्मणी ठेवा, सरळ, स्पष्ट, कागदावर मांडलेली. ओळ: ‘नवी तन्मणी. घटस्थापनेला, रात्री ९ वाजता.’ ज्याने फक्त हीच स्लाइड पाहिली त्यालाही दागिना आणि तारीख दोन्ही मिळतात.

तिसरीवर हात. मोती ओवताना, तार वळवताना, पकडीने गाठ दाबताना. चेहरा नको. हाताने केलेलं आहे हे सांगण्यापेक्षा इथे ते दिसतं, आणि किमतीचं कारणही न बोलता समजतं. एका तन्मणीला किती वेळ लागतो हे तुम्ही खरंच मोजलं असेल तर लिहा, नाहीतर ओळ न लिहिलेलीच बरी.

चौथी ही इशाऱ्याची स्लाइड. पाठमोरी बाई, नऊवारीचा काठ, आंबाडा, आणि आंबाड्यात काहीतरी चमकतंय पण फोकस खांद्यावरच्या काठावर आहे. मजकूर काहीही नाही. पहिल्या स्लाइडचा प्रश्न डोक्यात असलेली बाई इथे थांबेल आणि मैत्रिणीला पाठवेल.

पाचवीवर माहिती: चारही दागिन्यांची नावं, नग ३६, किमतीचा पट्टा, मोत्यांचा प्रकार, पार्सल कुठे कुठे जातं. परदेशात पाठवत असाल तर वेळेपुढे ‘भारतीय वेळ’ लिहा.

सहावीवर एकच मागणी. लाइक करा, फॉलो करा, शेअर करा, टॅग करा असं सगळं एकत्र मागितलं की काहीच होत नाही. ताईला हवं आहे ते एवढंच, की लोकांनी घटस्थापनेच्या रात्रीची आठवण लावावी. तेवढंच मागा.

फोटो: एकाच बैठकीत, खिडकीपाशी

या सहा स्लाइडमधून एकच मोत्यांचा सर सलग वाहत गेलेला दिसला, तर बोट आपोआप पुढे सरकतं. पहिल्या स्लाइडच्या उजव्या कडेला बाहेर गेलेला सर दुसरीच्या डाव्या कडेतून आत येतो. हे करायला मोठं सॉफ्टवेअर लागत नाही, पेन्सिल लागते.

पांढऱ्या किंवा मातकट रंगाच्या कार्डशीटवर ४:५ प्रमाणाची चौकट आखा, उदाहरणार्थ ४० सेंमी रुंद आणि ५० सेंमी उंच. डाव्या आणि उजव्या कडेवर, खालून १५ सेंमीवर, पुसट खूण करा. प्रत्येक फोटोत सर डाव्या खुणेवरून आत येईल आणि उजव्या खुणेवरून बाहेर जाईल असा मांडा. मधे तो हवा तसा वळवा. खोडासारखं फार जवळून घ्यायचं असेल तर दागिन्याचा फोटो वेगळा काढा आणि चौकटीतल्या फोटोवर नंतर बसवा. पाठमोरा फोटोही वेगळाच असेल. त्याच्या खालच्या भागात कागदावरच्या सराची पट्टी घ्या म्हणजे धागा तुटणार नाही.

मोबाइल दर वेळी त्याच उंचीवर हवा. स्टँड नसेल तर दोन उंच डबे आणि आडवी पट्टी चालते. फोटो एकाच बैठकीत काढा, कारण तासाभरात ऊन सरकतं, सावलीची दिशा बदलते आणि जोड लगेच उघडा पडतो.

मोत्यांच्या बाबतीत तीन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली, घरातला दिवा आणि खिडकीतला उजेड एकत्र आला की मोती एका बाजूने पिवळट आणि दुसऱ्या बाजूने निळसर दिसतात. फोटो काढताना दिवे बंद करा, फक्त खिडकी ठेवा. दुसरी, थेट ऊन पडलं की मोत्यावर पांढरा ठिपका जळतो आणि गोलाई जाते. खिडकीवर बटर पेपर लावा आणि समोरच्या बाजूला पांढरा कागद उभा करा. मोबाइलच्या पडद्यावर मोत्यावर बोट दाबून फोकस धरा आणि उजेड थोडा खाली ओढा. मोती किंचित राखाडी दिसेपर्यंत. मग त्याची झळाळी परत येते. तिसरी गोष्ट म्हणजे प्रतिबिंब. पितळ आणि मोती समोरचं सगळं दाखवतात, अगदी तुमचा लाल कुर्तासुद्धा. त्या दिवशी पांढरे किंवा फिके कपडे घाला.

जवळून फोटो काढताना मोबाइल दागिन्याला चिकटवू नका, तिथे त्याला फोकस होत नाही. जरा मागे घ्या आणि दुप्पट झूम करा.

जोडणी आणि अक्षरं

कॅनव्हात १०८० × १३५० पिक्सेलची सहा पानं उघडा. पहिल्या चित्राचं जे प्रमाण असतं तेच इन्स्टाग्राम बाकीच्यांना लावतं, म्हणून सगळी सारखीच ठेवा. प्रत्येक पानावर त्या त्या चौकटीचा फोटो कडेपासून कडेपर्यंत बसवा. खुणा बरोबर केल्या असतील तर सर जुळलेला असेल. थोडा फरक राहिला तर फोटो वरखाली सरकवून जुळवा. जोडाच्या रेषेवर खडा किंवा अक्षर येऊ देऊ नका; तिथे फक्त सर असावा.

प्रोफाइलच्या जाळीत पोस्टचं छोटं चित्र ३:४ प्रमाणात दिसतं. ते ४:५ पेक्षा किंचित अरुंद असल्यामुळे पहिल्या स्लाइडच्या दोन्ही बाजू थोड्या कापल्या जातात. प्रश्नाची ओळ मध्यभागी ठेवा, कडेला नको.

अक्षरांसाठी मुक्त किंवा बलू यांसारखे ठळक देवनागरी फाँट मोबाइलवर चांगले वाचता येतात. पारंपरिक वळण हवं असेल तर टिरो देवनागरी मराठी पाहा. त्यात ल आणि श आपल्या मराठी वळणाचे आहेत. दोन ओळींमध्ये भरपूर अंतर सोडा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला धडकतो. आणि पोस्ट करण्याआधी ‘दुसऱ्या’, ‘कुड्या’, ‘चिंचपेट्या’ असे शब्द तपासा. फाँट नीट नसेल तर जोडाक्षरं फुटून पाय मोडलेली दिसतात, आणि दागिन्यांच्या इतक्या नेटक्या चित्रावर ते फार खुपतं.

शेवटी सहाही चित्रं स्वतःच्या मोबाइलवर, हात लांब करून पाहा. पाचव्या स्लाइडवरची किंमत वाचता आली नाही, तर मजकूर कमी करा, अक्षर मोठं करा.

पोस्ट टाकताना

कॅप्शनची पहिली दीड-दोन ओळच उघडी दिसते, बाकी सगळं दडलेलं असतं. म्हणून तिथे कवितेची ओळ नको, माहिती हवी. ताईचं कॅप्शन असं:

‘दसरा-दिवाळीसाठी नवी तन्मणी, चिंचपेटी, कुड्या आणि बुगड्या. घटस्थापनेला रात्री ९ वाजता. ४५० ते २,४०० रुपये. एकूण ३६ नग, सगळे घरी, हाताने ओवलेले. चौथ्या चित्रात काय चमकतंय ते ओळखा. उत्तर त्याच रात्री.’

पोस्ट तयार करताना ‘Add reminder’ हा पर्याय दिसत असेल तर तो जरूर वापरा. विक्रीचं नाव, तारीख आणि वेळ भरली की पाहणाऱ्याला एका टिचकीत आठवण लावता येते, आणि त्याला एक दिवस आधी, पंधरा मिनिटं आधी आणि ऐन वेळी सूचना जाते. सहाव्या स्लाइडवर मग ‘खालच्या बटणावर आठवण लावा’ एवढंच लिहायचं. हा पर्याय तुमच्या खात्यात नसेल तर ‘“तन्मणी” असा मेसेज करा, विक्री उघडली की लिंक पाठवते’ असं लिहा. नावांची यादी वहीत ठेवा आणि त्या रात्री खरोखर प्रत्येकीला लिंक पाठवा.

स्टोरीमध्ये उलटी मोजणी दाखवणारं काउंटडाउन स्टिकर शेवटच्या दोन दिवसांत लावा. व्हॉट्सअॅपवर जुन्या गिऱ्हाइकांना सगळं कॅरोसेल पाठवू नका. दुसरी स्लाइड आणि एक ओळ पुरे, ती एकटी उभी राहील अशीच तर आपण केली होती.

पहिले दोन दिवस काय पाहायचं

लाइकचा आकडा फसवा असतो; त्यात इतर कारागिरांचं कौतुकही असतं. त्याऐवजी किती जणींनी आठवण लावली, किती जणींनी पोस्ट जपून ठेवली किंवा पुढे पाठवली, आणि मेसेजमध्ये काय विचारलं, हे पाहा. विचारलेले प्रश्न तुमच्या स्लाइडची परीक्षा घेत असतात. ‘किंमत काय?’ असं वारंवार आलं तर पाचवी स्लाइड कुणी वाचत नाहीये. तीच माहिती पहिल्या कमेंटमध्ये लिहून ती पिन करा. ‘हे ब्रेसलेट आहे का?’ असं आलं तर पहिला फोटो फारच जवळून घेतला गेलाय. स्टोरीमध्ये पूर्ण तन्मणी दाखवा. लाइक भरपूर आणि आठवणी मोजक्याच, असं झालं तर मागणी नीट पोहोचलेली नाही; स्टोरीत एक साधं वाक्य बोलून सांगा.

सर्वांत अवघड मेसेज असा येईल: ‘ताई, माझ्यासाठी एक तन्मणी बाजूला ठेवाल का?’ याचं उत्तर पोस्ट टाकण्याआधीच ठरलेलं हवं. एकीला हो म्हटलं की दुसरीला नाही म्हणणं कठीण जातं, आणि १२ पैकी ९ तन्मणी आधीच गेल्या तर रात्री ९ ला थांबलेल्या बायका रिकामं पान पाहतील. त्या पुढच्या टीझरला थांबणार नाहीत. माझ्या मते सर्वांत नीट पद्धत ही: जुन्या गिऱ्हाइकांसाठी तीन तन्मणी राखीव ठेवायच्या, ते पाचव्या स्लाइडवर उघडपणे लिहायचं, आणि बाकीच्यांना एकच उत्तर द्यायचं. ‘ताई, मनापासून धन्यवाद. आधी नोंदणी घेत नाहीये, सगळ्यांना एकाच वेळी मिळावं म्हणून. घटस्थापनेला रात्री ९ ला मी ऑनलाइन आहे, काही अडचण आली तर तेव्हा मला मेसेज करा.’

चौथ्या चित्रातलं कोडं कुणी ओळखलं तर? बहुतेक वेळा कुणीतरी ओळखतंच. कमेंट काढू नका आणि दुजोराही देऊ नका. ‘घटस्थापनेला कळेल’ एवढं लिहा. इतर जणी ती कमेंट वाचतात आणि पुन्हा चौथ्या चित्राकडे जातात.

विक्री उघडली की

त्या रात्री ९ वाजता खोड आंबाड्यात लावतानाचा छोटा व्हिडिओ नव्या पोस्टमध्ये टाका. त्याच वेळी टीझरच्या कॅप्शनची पहिली ओळ बदला: ‘विक्री सुरू आहे, लिंक प्रोफाइलमध्ये.’ पोस्ट टाकल्यावर कॅरोसेलमध्ये नवी स्लाइड जोडण्याच्या भरवशावर राहू नका; एखादी काढता मात्र येते. शेवटची, आठवण लावायला सांगणारी स्लाइड आता काढून टाका. ती शेवटची असल्यामुळे सर मधेच तुटत नाही. मधली कुठलीही काढू नका. एखादा दागिना संपला की त्याच कॅप्शनमध्ये त्याच्यापुढे ‘संपलं’ लिहा, म्हणजे उशिरा आलेली बाई उरलेल्या नगांकडे वळेल आणि जे नाही त्याची चौकशी तुमच्या मेसेजमध्ये साठत जाणार नाही.